सारांश तपासताना: आधी सारांश की आधी फोटो?

समजा, नागपूरच्या संत्रा बागायतदारांसाठीच्या पत्रकाचा फोटो आणि त्याचा सारांश समोर आहे. सारांशातलं एकेक वाक्य फोटोत शोधलं, की १० लिटरला १५ मिलीचे १.५ झालेले सापडतात. ‘काही बागांत फळगळ कमी दिसली’चं ‘फळगळ थांबते’ झालेलंही कळतं. पण सारांशात जे आलंच नाही, ते कसं शोधणार?

त्यासाठी फोटोपासून सुरुवात हवी. ‘बहरात फवारणी करू’ इथे ओळ संपते, ‘नये’ खालच्या ओळीत असतं. सारांशात ते गळलं, तर सल्लाच उलटतो. म्हणून क्रियापद पुरं होईपर्यंत बोट ठेवून वाचावं. फोटो पुसट असेल, तर १ आणि ९ मोठे करून पाहावेत. एकाच फेरीला वेळ असेल, तर मी फोटोपासूनच निघेन.