ट्युटोरियल: पाटी लावायची की लेव्हलनेच शिकवायचं?

एक मित्र प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम बनवतोय आणि अडलाय इथंच, की उडी कशी मारायची ते स्क्रीनवर पाटी लावून लिहून सांगू की लेव्हलमधूनच कळू दे.

लेव्हलने शिकवायचं म्हणजे काय ते १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सच्या पहिल्या लेव्हलमध्ये बघ. शेवटाकडे पायऱ्यांच्या दोन जोड्या आहेत, पहिलीच्या मध्ये सपाट जमीन, उडी चुकली तरी फक्त खाली पडतो आणि परत चढतो, आणि लगेच पुढे तशीच जोडी पण मध्ये खरा खड्डा, तिथं चुकलं की जीव गेला. म्हणजे सराव आधी, परीक्षा नंतर, आणि एक अक्षरही लिहिलेलं नाही!

लक्षात राहण्यात हीच पद्धत भारी, कारण हात स्वतः शिकतो. पाटी लोक न वाचताच बटण दाबून पुढे जातात.

मेहनतीत मात्र पाटी जिंकते. वाक्य तासाभरात बदलतं, पण जागा चुकली तर अख्खी लेव्हल परत मांडावी लागते, आणि नवख्या माणसाला काही न सांगता खेळायला बसवून तो कुठं अडतो ते बघावंच लागतं. सगळे एकाच जागी थांबले तर दोष लेव्हलचा.

उडी, धावणं, ढकलणं असं डोळ्यांना दिसणारं काही असेल तर लेव्हलनेच शिकव. वस्तू जोडून नवीन वस्तू बनवणं म्हणजे क्राफ्टिंग, आकडेमोड, किंवा कोणतं बटण दाबायचं हे मात्र दोन ओळीत लिहूनच टाक.