रीलच्या कव्हरसाठी फ्रेम निवडताना: ffmpeg वापरून काही महिने झाल्यावर

वहिनीचे रेसिपीचे रील मी एडिट करतो. कव्हर ठरवायला आधी फोनमधलीच पट्टी सरकवत बसायचो. दिवाळीच्या आधीपासून मात्र ते काम कॉम्प्युटरवर ffmpeg या व्हिडिओच्या प्रोग्रामने करतोय. फुकट आहे, पण बटणं नाहीत, कमांड टाइप करावी लागते. तेवढी तयारी असेल तर पुढचं वाचा.

उभा व्हिडिओ १०८० बाय १९२० पिक्सेलचा. त्यातून मधला चौकोन काढला की वरचे ४२० आणि खालचे ४२० पिक्सेल जातात. इन्स्टाग्रामने २०२५ च्या सुरुवातीला प्रोफाइलवरचे चौकोन उंच केले, तिथे आता १४४० पिक्सेल उंची दिसते. तरी मी चौकोनच धरून चालतो. लिंक दुसरीकडे पाठवली की बऱ्याचदा मधला चौकोनी तुकडाच दिसतो, आणि चौकोनात बसलेलं उंच चौकटीत बसतंच. उलट होईलच असं नाही.

म्हणून सगळ्या फ्रेम आधीच चौकोनी कापून एका पानावर मांडतो:

```
ffmpeg -i thalipith.mp4 -vf "fps=1,crop=iw:iw,scale=270:-1,tile=5x6" -frames:v 1 paan.jpg
```

अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओचे दर सेकंदाला एक असे तीस चौकोन मिळतात. `crop` ला जागा सांगितली नाही तर तो मधूनच कापतो, आपल्याला तेच हवंय. व्हिडिओ मात्र सबटायटल टाकण्याआधीचा घ्यायचा, नाहीतर प्रत्येक फ्रेमवर अर्धवट वाक्य चिकटलेलं असतं.

थालीपिठाच्या रीलमध्ये शेवटी तीन फ्रेम उरल्या. चौथ्या सेकंदाला वहिनी सरळ उभी, हसू एकदम मोकळं. पूर्ण फ्रेम बघितली तर हीच घ्यावीशी वाटते. पण केसांपासून हनुवटीपर्यंत चेहरा वरून २१० ते ५६० पिक्सेलच्या दरम्यान, म्हणजे कापाची रेघ नाकाच्या जरा वरून गेली. डोळे गेले, फ्रेम बाद. सत्ताविसाव्या सेकंदाला हातात थालीपीठ, वर भरपूर मोकळी भिंत, मजकुराला हवी तेवढी जागा. घरच्यांना हीच आवडली होती. पण वहिनी खाली बघतेय, नुसत्या पापण्या दिसतात, आणि चेहरा जेमतेम २०० पिक्सेल उंच. प्रोफाइलवर एका ओळीत तीन चित्रं असतात. ती फोनवर साधारण १२० रुंदीची धरली, तर हा चेहरा २२ पिक्सेलचा होतो. त्यात माणूस ओळखू येत नाही.

अकराव्या सेकंदाला ती तव्यावर किंचित वाकलेली, नजर कॅमेऱ्यात, चेहरा ६०० ते ९६०. लहान चित्रातही ४० पिक्सेल उरतात. डोक्यावर कापाच्या रेघेपर्यंत १८० पिक्सेलच आहेत. तिथे दोन ओळी कोंबल्या तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. इंग्रजी अक्षरांना पुरणारी जागा देवनागरीला पुरत नाही. पण चेहऱ्याच्या डाव्या बाजूला अर्ध्या रुंदीची कोरी भिंत होती. तिथे ‘खमंग’ आणि त्याखाली ‘थालीपीठ’ नीट बसलं. अक्षरं शंभर पिक्सेलच्या खाली नेत नाही, त्याहून बारीक केली की लहान चित्रात अनुस्वार दिसेनासे होतात.

सेकंदाला एकच फ्रेम घेतली की नेमकी पापणी मिटलेली सापडते. मग त्या सेकंदाच्या आसपासच्या सगळ्या फ्रेम काढायच्या:

```
ffmpeg -ss 10.5 -i thalipith.mp4 -t 1 -q:v 2 f_%02d.jpg
```

इथे एक युक्ती कामाला येते. बोलणाऱ्या माणसाचे ओठ प, ब, म म्हणताना मिटतात. ‘भाजणीमध्ये’ मधल्या ‘म’ वर थांबलं की चेहरा शांत दिसतो, त्याच शब्दाच्या ‘भा’ वर जबडा उघडा असतो. हात-चेहरा पुसट झालाय का हे मात्र छोट्या पानावर कळत नाही, मोठी फ्रेम उघडून पापण्यांचे केस बघावे लागतात. संध्याकाळी किचनमधल्या एका दिव्याखाली काढलेल्या व्हिडिओत अशा पुसट फ्रेम बऱ्याच निघतात.

ffmpeg मध्ये `thumbnail` नावाचा फिल्टरही आहे, तो स्वतः फ्रेम निवडतो. त्याच्यावर विसंबू नका. तो फ्रेमच्या गटात सरासरी रंग-उजेडाशी जास्तीत जास्त जुळणारी फ्रेम उचलतो. चेहरा, डोळे यांचा त्याला पत्ताच नसतो. आमच्याकडे तो बहुतेक वेळा तवाच देतो.

एक खरी अडचण राहिली. एचडीआरमध्ये शूट केलेल्या व्हिडिओतून काढलेली फ्रेम फिकट, धुतल्यासारखी दिसते. त्यावर उपाय आहे, पण कमांड लांबलचक होते. त्यापेक्षा शूट करतानाच फोनच्या कॅमेऱ्यात एचडीआर बंद ठेवणं मला सोपं पडतं.