स्टॉप लिमिट की स्टॉप मार्केट: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

हे लिहायला निमित्त झालं एका पडझडीचं. माझी स्टॉप लिमिट ऑर्डर वेळेवर ट्रिगर झाली, चारशेपैकी तीनशे शेअर विकले गेले आणि उरलेले शंभर तसेच लटकले. त्यावरून ब्रोकरशी जो वाद झाला तो माझ्या लेखी अजून मिटलेला नाही. दोन्ही प्रकारच्या ऑर्डरी मी बरेच महिने वापरतोय. ट्रिगर काय, लिमिट काय हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असं धरूनच पुढे जातो.

सुरुवातीला माझं मत पक्कं होतं की स्टॉप लिमिटच बरी. स्लिपेजमध्ये गेलेला पैसा मला ब्रोकरेजपेक्षा जास्त टोचतो, कारण ब्रोकरेज निदान बिलावर लिहून येतं. स्टॉप मार्केट म्हणजे ट्रिगर लागला की समोर जो भाव असेल त्याला माल देऊन मोकळं व्हायचं, आणि ते मला उधळपट्टीचं वाटायचं. शांत बाजारात दोन्ही ऑर्डरींचा निकाल जवळपास सारखाच लागतो. त्यामुळे हे मत कधी कसोटीला लागलंच नाही.

आता त्या दिवसाचा हिशोब. ट्रिगर ४८० ला होता. लिमिट ॲप स्वतःच भरतं, ट्रिगरच्या अर्धा टक्का खाली, म्हणजे ४७७.६०. भाव घसरत ४८० ला आला आणि ऑर्डर जागी झाली, तेव्हा समोर घेणारे असे होते: ४७९.५० ला १००, ४७९ ला १५०, ४७८ ला ५०, आणि त्याखाली थेट ४७६ ला २००. पहिल्या तीन पायऱ्यांवर माझे तीनशे गेले, सरासरी ४७९ ने. चौथी पायरी ४७६ ची होती आणि लिमिट ४७७.६०, म्हणून ऑर्डर तिथेच थांबली. आता ती विक्रीची साधी लिमिट ऑर्डर होऊन बाजाराच्या वर बसली होती आणि बाजार तिच्याकडे पाठ करून खाली चालला होता. उरलेले शंभर शेवटी ४६६ ला सुटले. सगळ्यांची सरासरी पडली ४७५.७५, म्हणजे ट्रिगरपासून शेअरमागे ४.२५ चं नुकसान.

त्याच ठिकाणी स्टॉप मार्केट असती तर शेवटचे शंभर ४७६ ला गेले असते. सरासरी ४७८.२५ आणि स्लिपेज १.७५. ज्या स्लिपेजला मी घाबरत होतो ते पावणेदोन होतं. ते टाळायला वापरलेल्या ऑर्डरीने सव्वाचार घेतले.

हे आकडे मांडल्यावर मला एक गोष्ट लख्ख दिसली आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा तीच आहे. स्टॉप लिमिटचं स्लिपेज शून्य नसतं, ते फक्त उशिरा येतं. ऑर्डरच्या अहवालात 'मिळालेला भाव ४७९' असं छान दिसतं, कारण न विकल्या गेलेल्या मालाला भावच नसतो. स्लिपेज मोजायचं तर ट्रिगरपासून शेवटचा शेअर हातातून जाईपर्यंत मोजायला हवं. मी माझ्या जुन्या ऑर्डरी या मापाने पुन्हा तपासल्या, तेव्हा पडत्या बाजारात स्टॉप लिमिटने वाचवलेले छोटे छोटे पैसे अशा एकदोन अडकलेल्या ऑर्डरींनी खाऊन टाकलेले निघाले.

ब्रोकरशी वाद झाला तो दोन गोष्टींवरून. ट्रिगर लागताच फोनवर हिरव्या खुणेसह 'ट्रिगर झाली' असा निरोप आला, आणि सौदा पूर्ण झाल्यावर येणारा निरोपही दिसायला अगदी तसाच असतो. ट्रिगर होणं म्हणजे ऑर्डर बाजारात जाणं. माल विकला जाणं ही त्यापुढची गोष्ट. घाईच्या वेळी हा फरक डोळ्यांना दिसला पाहिजे. दुसरी गोष्ट आणखी चीड आणणारी. उरलेले शंभर नव्या मार्केट ऑर्डरने विकायला गेलो तर 'शिल्लक अपुरी' असं उत्तर आलं, कारण ते शेअर जुन्या ऑर्डरीत अडकलेले. आधी ती रद्द करायची, रद्द झाल्याची पोच यायची, मग नवीन टाकायची, आणि तेवढ्यात भाव आणखी खाली. ग्राहकसेवेचं उत्तर एकच, ऑर्डर नियमाप्रमाणेच चालली. चालली हे खरंच आहे. माझी तक्रार निरोपाबद्दल आणि आपोआप भरल्या जाणाऱ्या लिमिटबद्दल आहे, आणि तिला उत्तर मिळालेलं नाही.

अशी वेळ आली तर रद्द करून नवीन टाकण्यापेक्षा त्याच लटकलेल्या ऑर्डरची लिमिट खाली न्यावी. एका पायरीत काम होतं. शिवाय जिथे शेअर असे अडकवून ठेवत नाहीत, उदाहरणार्थ फ्युचर्समध्ये, तिथे दुसरा धोका असतो. तुम्ही वेगळ्या ऑर्डरने बाहेर पडता, जुनी वर तशीच राहते, भाव परत वर येतो, तीही पुरी होते आणि तुम्ही नकळत शॉर्ट होऊन बसता.

त्या अर्ध्या टक्क्यावर मी इतका अडून बसलोय त्याचं कारण सांगतो. लिमिट म्हणजे मिळणारा भाव, असं अनेकजण धरून चालतात आणि म्हणून ती ट्रिगरला चिकटवून ठेवतात. विक्रीची लिमिट ही फक्त खालची हद्द असते. ट्रिगर ४८० आणि लिमिट ४६८ ठेवली आणि समोर ४७९.५० चा घेणारा उभा असला, तर सौदा ४७९.५० लाच होतो, ४६८ ला नाही. त्या दिवशी ४६८ ची लिमिट असती तर चारही पायऱ्या तिच्या आत आल्या असत्या आणि निकाल स्टॉप मार्केटइतकाच, ४७८.२५ चा लागला असता. म्हणजे ट्रिगर आणि लिमिटमधलं अंतर वाढवायला पैसे पडत नाहीत. समोर घेणारेच नसले तर किती खालपर्यंत जायची तयारी आहे, एवढंच त्यातून ठरतं.

हे अंतर किती ठेवायचं? बाजार शांत असताना डेप्थ बघून ते ठरवू नका. भाव कोसळू लागला की घेणारे आपल्या बोल्या काढून घेतात, आणि ज्या आकड्यावर गर्दीने स्टॉप लावलेले असतात तिथे विकणाऱ्यांची रांग एकदम लागते. मी त्या शेअरचे मागचे वाईट दिवस काढतो, एका मिनिटाच्या कँडल लावतो आणि सर्वांत लांब लाल कँडल किती मोठी होती ते बघतो. अंतर निदान तेवढं. वरच्या शेअरची अशी कँडल साधारण अकराची होती, म्हणून आता मी १२ ठेवतो. काही ठिकाणी एक्स्चेंज किंवा ब्रोकर या अंतरावर मर्यादा घालतात, ती आधी बघून ठेवावी.

इथपर्यंत वाचून सगळं सोडून स्टॉप मार्केटकडे वळावंसं वाटेल. मीही काही काळ तेच केलं, आणि मग मत पुन्हा बदललं. ऑप्शनच्या एका कमी उलाढालीच्या स्ट्राइकमध्ये माझी स्टॉप मार्केट होती, ट्रिगर ६२. समोर ६१.५० ला अगदी थोडा माल घेणारा होता आणि त्याखालची बोली सरळ ४८ ची. ऑर्डर लागली, वरचा थोडा माल गेला, बाकी सगळा ४८ ला ओतला गेला, आणि मिनिटाभरात भाव परत ६० वर. मूळ शेअर त्या वेळात जेमतेम हलला होता. इथे ५५ ची लिमिट असती तर तिने माल राखला असता.

भाव खरा कोसळणं आणि समोर क्षणभर घेणाराच नसणं, या दोन गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसतात आणि दोन्हींना लागणारी ऑर्डर उलट असते. पहिल्यात बाहेर पडणं महत्त्वाचं, दुसऱ्यात थांबणं. २४ ऑगस्ट २०१५ ला अमेरिकेत बाजार उघडताच अनेक ईटीएफ आपल्या आतल्या शेअरांच्या किमतीपेक्षाही बरेच खाली विकले गेले आणि त्याच सकाळी सावरले. ज्यांच्या स्टॉप मार्केट होत्या त्यांचा माल तळाला गेला. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजने २६ फेब्रुवारी २०१६ पासून अशा स्टॉप ऑर्डरी घेणंच बंद केलं. आपल्याकडे एनएसईने २७ सप्टेंबर २०२१ पासून ऑप्शनमध्ये स्टॉप लॉस मार्केट ऑर्डर बंद केल्या, त्याही असेच भलत्याच भावाला होणारे सौदे वाढल्यामुळे. तेव्हा मला तो निर्णय अडवणूक वाटला होता. आता ऑप्शनपुरता तो मला योग्य वाटतो.

एका बाबतीत मात्र दोन्ही ऑर्डरी हतबल आहेत: रात्रीतून पडलेला गॅप. ट्रिगर ४८० आणि बाजार ४५२ ला उघडला, तर स्टॉप मार्केट ४५२ च्या आसपास विकते आणि स्टॉप लिमिट ४६८ ला टांगलेली राहते. अठ्ठावीसचा फटका स्पष्ट पदरात घ्यायचा की भाव ४६८ पर्यंत परतेल म्हणून थांबायचं, एवढीच निवड उरते. थांबण्यात आणखी खाली जाण्याचा धोका पूर्ण तुमचा, आणि लोअर सर्किट लागलं तर मार्केट ऑर्डरलाही घेणारा मिळत नाही. रात्रभर ठेवायचा माल मी आता स्टॉपच्या भरवशावर मोजत नाही. गॅपचा फटका झेपेल एवढाच ठेवतो.

सध्या माझी मांडणी अशी आहे. भरपूर उलाढालीच्या शेअरमध्ये आणि इंडेक्स फ्युचर्समध्ये स्टॉप मार्केट. मधल्या शेअरांमध्ये रुंद अंतराची स्टॉप लिमिट. ऑप्शनमध्ये पर्यायच नाही म्हणून स्टॉप लिमिट, पण त्यातही पुढच्या दोन बोल्यांत मोठी पोकळी दिसत असेल तर तो स्ट्राइकच घेत नाही. स्टॉप लिमिट ट्रिगर झाल्याचा निरोप आला की हिरव्या खुणेकडे न बघता ऑर्डर उघडतो आणि 'शिल्लक प्रमाण' हा रकाना बघतो. तिथे शून्य नसेल तर लगेच लिमिट खाली. ॲपने भरलेला अर्धा टक्का मी प्रत्येक ऑर्डरला हाताने खोडतो. ती सेटिंग कायमची बदलण्याची सोय द्या, अशी लेखी मागणी केलेली आहे आणि उत्तर येईपर्यंत ती पुन्हा पाठवत राहणार आहे.