साध्या लॅपटॉपवर फोर-के मैफलींचे संपादन: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्याकडचा लॅपटॉप पाच वर्षांचा आहे. त्यात चार कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी मेमरी आणि ५१२ जीबीची एसएसडी असून वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरगुती मैफली आणि मंडळांचे छोटे कार्यक्रम मी दोन कॅमेऱ्यांनी फोर-केमध्ये चित्रित करतो आणि दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत त्यांचे संपादन करतो. गेल्या नऊ महिन्यांत असे बारा कार्यक्रम या एकाच यंत्रावर पूर्ण झाले. नवे यंत्र घ्यावे लागले नाही, याचे श्रेय प्रॉक्सीला, म्हणजे संपादनापुरत्या केलेल्या मूळ चित्रणाच्या हलक्या प्रतींना आहे. दोन क्लिपांपलीकडे काम गमवावे लागले नाही, याचे श्रेय मात्र बॅकअपच्या ज्या सवयीला आहे ती मला दोनदा ठेच लागल्यानंतरच जडली.

सुरुवातीला माझी समजूत अशी होती की फाइल मोठी असल्यामुळे लॅपटॉप अडखळतो. खरे कारण फाइलच्या रचनेत होते. कॅमेरा एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये चित्रण साठवतो तेव्हा प्रत्येक चौकट पूर्ण लिहीत नाही. ठरावीक अंतराने एक पूर्ण चौकट लिहितो आणि मधल्या चौकटींसाठी आजूबाजूच्या चौकटींशी असलेला फरक तेवढा नोंदवतो. त्यामुळे कार्डावर जागा वाचते, पण संपादन करताना मी एखाद्या मधल्या चौकटीवर गेलो की प्रोसेसरला आधीच्या पूर्ण चौकटीपासून हिशेब मांडत तिथपर्यंत यावे लागते. सरळ पाहताना हे फारसे जाणवत नाही. उलटे जाताना, किंवा सम नेमकी कुठे पडली हे शोधण्यासाठी मागे-पुढे करताना, चित्र गोठते आणि आवाज पुढे निघून जातो.

म्हणूनच एच.२६४ मधली लहान प्रॉक्सी करून माझे काम भागले नाही. तिचे आकारमान अगदी कमी होते, पण रचना तीच राहिली, आणि दोन कॅमेरे एकाच वेळी चालवले की अडखळणेही तसेच राहिले. `DNxHR LB` या प्रकारात प्रत्येक चौकट स्वतंत्र आणि पूर्ण असते. फाइल एच.२६४ च्या प्रॉक्सीपेक्षा बरीच जड होते, तरीही ती लॅपटॉपला हलकी वाटते. हा उलटा वाटणारा व्यवहार एकदा लक्षात आला की बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतात.

नोव्हेंबरातल्या एका मैफलीचा हिशेब सांगतो. गायन तीन तास चालले, कॅमेरे दोन होते आणि प्रत्येकाचा वेग १०० मेगाबिट प्रति सेकंद होता. म्हणजे तासाला सुमारे ४५ जीबी, एका कॅमेऱ्याचे १३५ आणि दोन्ही मिळून २७० जीबी. एवढे चित्रण लॅपटॉपमधल्या उरलेल्या जागेत मावणे शक्य नव्हते, म्हणून मूळ फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवल्या. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये `Proxy media resolution` हे `Half` केले. त्यामुळे प्रॉक्सी १९२० × १०८० ची होते आणि २५ चौकटींच्या चित्रणाला तासाला साधारण १६-१७ जीबी लागतात. सहा कॅमेरा-तासांचे मिळून जवळपास १०० जीबी झाले आणि तेवढे एसएसडीवर बसले. `Quarter` घेतले असते तर २५ जीबीच्या आसपास भागले असते, पण ९६० × ५४० च्या चित्रात गवयाचे डोळे मिटले आहेत की उघडे, हेही नीट कळत नाही. प्रॉक्सी कुठे तयार व्हाव्यात ते `Proxy generation location` मध्ये आधीच सांगून ठेवावे, नाहीतर त्या नको त्या जागी साठतात.

माझ्या यंत्रावर एका तासाच्या चित्रणाची प्रॉक्सी व्हायला सुमारे दीड तास लागतो. त्यामुळे हे काम मी रात्री लावून झोपतो. मे महिन्यात ग्वाल्हेरच्या दुपारी ते करून पाहिले तेव्हा लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करत होता आणि तेच काम जवळजवळ दुप्पट वेळ घेत होते.

प्रॉक्सी तयार झाल्यावर `Playback` मधल्या `Proxy Handling` खाली `Prefer Proxies` निवडले की दोन्ही कॅमेरे शेजारी-शेजारी ठेवून मल्टिकॅममध्ये कट लावता येतात, आणि तीन तासांची मैफल दोन संध्याकाळी बांधून होते. मात्र प्रॉक्सीवर काही गोष्टींचा निर्णय घेऊ नये, हे मला उशिरा कळले. त्या मैफलीत दुसऱ्या कॅमेऱ्याचा फोकस जवळपास वीस मिनिटे गायिकेच्या चेहऱ्याऐवजी पुढच्या मायक्रोफोनवर बसला होता. प्रॉक्सीत चेहरा ठीक दिसला. मूळ फाइलीवर गेल्यावर मायक्रोफोनची जाळी तारन् तार मोजता येत होती आणि पापण्या मात्र पुसट होत्या. आता कट लावायला बसण्यापूर्वी मी `Prefer Camera Originals` करून प्रत्येक क्लिप चार-पाच ठिकाणी थांबवून पाहतो. थांबलेली चौकट दाखवायला हा लॅपटॉप पुरेसा आहे. त्याची अडचण फक्त चालत्या चित्राची आहे. रंग आणि अंधारातले दाणेही याच पद्धतीने, थांबलेल्या मूळ चौकटीवरच पाहावेत.

शेवटी निर्यात करताना `Deliver` पानावरच्या प्रगत पर्यायांत `Use proxy media` ही खूण असते. ती चुकून राहिली तर तयार फाइलचे माप फोर-केच दिसते, पण आतले चित्र ताणलेल्या प्रॉक्सीचे असते. एकदा तशी फाइल माझ्या हातून आयोजक काकांकडे गेली. त्यांनी तक्रार केली नाही. मीच त्यांच्या दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीवर तानपुऱ्याच्या तारा एकमेकींत विरघळलेल्या पाहिल्या आणि चहा अर्धा सोडून घरी येऊन पुन्हा निर्यात लावली. तेव्हापासून निर्यातीनंतर बारीक तपशिलाची एक चौकट, बहुतेक वेळा तारा किंवा शालीची जर, मूळ चौकटीशेजारी ठेवून तपासतो.

आता बॅकअपविषयी. एका कॅमेऱ्याचे १३५ जीबी १२८ जीबीच्या एका कार्डात मावत नसल्यामुळे एका मैफलीची चार कार्डे होतात. घरी आल्यावर प्रत्येक कार्ड त्याच्या संपूर्ण फोल्डर-रचनेसह स्वतंत्र फोल्डरमध्ये उतरवतो. फक्त व्हिडिओ फाइली उचलून घेत नाही. दोन्ही कॅमेरे `C0001.MP4` पासूनच मोजायला सुरुवात करत असल्यामुळे एका फोल्डरमध्ये कालवाकालव झाली की पुढे फाइली पुन्हा जोडताना पहिल्या कॅमेऱ्याच्या जागी दुसऱ्याचे चित्र येऊन बसते.

कॉपी पूर्ण झाल्याचा संदेश आला म्हणजे कॉपी बरोबर झाली, असे नसते. फेब्रुवारीत एका फाइलमध्ये चौदाव्या मिनिटाला अर्ध्या सेकंदापुरते हिरवे चौकोन दिसले. विंडोजने कॉपी करताना कोणतीही चूक दाखवली नव्हती आणि फाइलचा आकारही बाइटपर्यंत जुळत होता. सुदैवाने कार्ड अजून फॉरमॅट केलेले नव्हते आणि त्यातली फाइल स्वच्छ होती. दोष डिस्कच्या केबलमध्ये निघाला, कारण केबल बदलल्यावर तीच फाइल त्याच डिस्कवर नीट उतरली. त्यानंतर मी कार्डाचे आणि डिस्कवरच्या प्रतीचे हॅश काढून जुळवू लागलो. हॅश म्हणजे फाइलच्या संपूर्ण मजकुरावरून काढलेला ठसा. एक बिट बदलला तरी तो वेगळा येतो. पॉवरशेलमध्ये हे असे करतो:

```
Get-ChildItem E:\ -Recurse -File | Get-FileHash -Algorithm SHA256 | Export-Csv C:\hash\A1-card.csv -NoTypeInformation
```

डिस्कवरच्या फोल्डरसाठी हीच आज्ञा चालवून `A1-disk.csv` तयार होते, आणि मग दोन्ही याद्या समोरासमोर ठेवायच्या:

```
Compare-Object (Import-Csv C:\hash\A1-card.csv) (Import-Csv C:\hash\A1-disk.csv) -Property Hash
```

पडद्यावर काहीच आले नाही तर सर्व फाइली जुळल्या. यात कार्ड पुन्हा एकदा पूर्ण वाचले जात असल्यामुळे वेळ जवळपास दुप्पट लागतो. दुसऱ्या डिस्कवरची प्रतही अशीच जुळल्याशिवाय मी कार्ड रिकामे करत नाही.

दुसरी ठेच पूर्णपणे माझ्या हाताची होती. पहिल्या डिस्कवरून दुसरीवर प्रत करण्यासाठी मी `robocopy` ला `/MIR` हा पर्याय देत असे. त्याने दुसरी डिस्क पहिलीचे तंतोतंत प्रतिबिंब होते, म्हणजे पहिलीवरून जे नाहीसे झाले ते दुसरीवरूनही पुसले जाते. मार्चमध्ये जागा करताना पहिल्या डिस्कवरून एका लग्नाच्या सीमांतपूजनाचे फोल्डर चुकून उडाले, रात्री नेहमीची आज्ञा चालली आणि सकाळी ते दोन्हीकडे नव्हते. पुसलेल्या फाइली परत मिळवणाऱ्या प्रोग्रामने बहुतेक क्लिपा परत दिल्या. दोन गेल्या त्या गेल्याच. आता आज्ञेत फक्त `/E` असतो, जो नवे आणि बदललेले तेवढे नेतो आणि काहीच पुसत नाही. परिणामी दुसऱ्या डिस्कवर थोडा कचरा साठतो, आणि तो मला चालतो.

```
robocopy D:\Mool F:\Mool /E /R:1 /W:1 /LOG+:C:\hash\copy.txt
```

प्रॉक्सी आणि कॅश यांचा बॅकअप मी घेत नाही, कारण मूळ फाइली असतील तर त्या एका रात्रीत पुन्हा तयार होतात. उलट ज्याचा बॅकअप हमखास राहून जातो तो म्हणजे प्रोजेक्ट. रिझॉल्व्ह प्रोजेक्ट चित्रणाच्या फोल्डरमध्ये ठेवत नाही, स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतो, आणि तो डेटाबेस सहसा सिस्टिमच्याच डिस्कवर असतो. लॅपटॉप बिघडला तर २७० जीबी सुरक्षित राहतील, पण त्यांवर लावलेले सगळे कट जातील. म्हणून रोज काम संपवून उठताना `Export Project` करून `.drp` फाइल तारखेच्या नावाने दोन्ही डिस्कवर टाकतो. तिच्यात चित्रण नसते, फक्त निर्णय असतात, त्यामुळे ती ईमेलनेही पाठवता येईल इतकी लहान राहते.

तिसऱ्या प्रतीसाठी ऑनलाइन साठवणीचा विचार केला होता. माझ्या जोडणीवर अपलोडचा वेग उत्तम दिवशी ४० मेगाबिट असतो, आणि त्या वेगाने २७० जीबी चढायला अखंड १५ तास लागतात. घरात इतर माणसेही राहतात. त्यामुळे ऑनलाइन फक्त `.drp` आणि तयार झालेली अंतिम फाइल जाते, आणि मूळ चित्रणाची तिसरी प्रत ग्वाल्हेरच्याच मुरार भागात मावसभावाच्या कपाटात असते. महिन्यातून एकदा त्याच्याकडे जेवायला जातो तेव्हा डिस्क सोबत नेतो आणि तिथली घेऊन येतो. आणलेल्या डिस्कवर त्याच रात्री हॅश पुन्हा काढून जुन्या यादीशी जुळवतो आणि मधल्या काळातले कार्यक्रम तिच्यावर चढवतो. आतापर्यंतच्या आठ फेऱ्यांत एकही फाइल बदललेली निघाली नाही. सातव्या फेरीत मात्र डिस्क मुरारला पोहोचली आणि तिची केबल लष्करातच राहिली.