आठ महिने झाले, पाच व्हॉल्व्ह एकामागून एक चालवतोय: प्रेशरचा अनुभव

अमळनेरला घरामागे साधारण दोन गुंठे बाग आहे. लॉनचा एक पट्टा, लिंबं-पेरूला ड्रिप, भाजीचे वाफे आणि कुंड्या. अंडरग्राउंड टाकी, एक एचपीचा मोनोब्लॉक, आणि फेब्रुवारीत बसवलेले २४ व्होल्टचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, कंट्रोलर ईएसपीहोम या सॉफ्टवेअरवर. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून झाले म्हणून आता लिहितोय.

सुरुवातीला माझी चूक अशी की जागा बघून झोन पाडले, पाणी बघून नाही. लॉनचे सातही स्प्रिंकलर एकाच व्हॉल्व्हवर. अर्ध्या गोलाचा एक नोझल मिनिटाला साधारण ५ लिटर घेतो, म्हणजे ३५ लिटर. गेजचा काटा १.२ किलोवर येऊन थांबायचा आणि भिंतीकडचं शेवटचं डोकं वर यायचंच नाही, नुसतं बुडबुडे काढत बसायचं. मला वाटलं पंपच कमी पडतोय, नवा घ्यायच्या बेतात होतो.

मग शेजारचे बोअरचं काम करणारे काका म्हणाले, भो, आधी बादली लाव. पंपाच्या पुढचा गेटव्हॉल्व्ह हळूहळू आवळत काटा २ किलोवर आणला आणि २० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजलं. ४० सेकंद. म्हणजे लॉनला जे प्रेशर लागतं त्या प्रेशरला माझा पंप मिनिटाला ३० लिटरच देतो, लेबलवरचा मोठा आकडा तिथे लागूच होत नाही. त्यातले ८० टक्के धरले, म्हणजे २४ लिटर, आणि कुठलाही झोन याच्या वर न्यायचा नाही असं ठरवलं. लॉन चार आणि तीन असं तोडलं, २० आणि १५ लिटर. त्याच दिवशी भिंतीकडचं डोकं ताठ उभं राहिलं, पंप तोच.

उलटा त्रास ड्रिपचा. ४ लिटर-ताशी वाले ४० ड्रीपर म्हणजे सगळे मिळून मिनिटाला तीन लिटरही नाहीत, पंपाला पाणी टाकायला जागाच नाही, काटा ३.५ वर आणि टेक-ऑफ निसटून पाणी रस्त्यावर. ड्रिपच्या तोंडाला १ किलोचा रेग्युलेटर टाकला आणि पंपाजवळ २.८ ला सेट केलेला रिलीफ व्हॉल्व्ह लावून जादा पाणी परत टाकीत सोडलं. एवढ्या कमी पाण्यावर काही मोठे व्हॉल्व्ह नीट बंदही होत नाहीत, म्हणून ड्रिपला व्हॉल्व्ह घेताना त्यावरचा किमान फ्लो वाचूनच घ्या.

आता दोन झोनच्या मधला पॉज, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. सोलेनॉइडची करंट गेली म्हणजे व्हॉल्व्ह लगेच बंद होत नाही, आतल्या बारीक भोकातून पाणी डायफ्रामच्या वर भरावं लागतं, तेव्हा तो खाली बसतो. माझ्याकडे सहा-सात सेकंद लागतात. पॉज शून्य होता तेव्हा तेवढा वेळ दोन्ही झोन उघडे राहायचे, काटा धाडकन एक किलोवर, आणि प्रेशर कमी म्हणून पहिला व्हॉल्व्ह बंद व्हायला अजूनच वेळ. मग १५ सेकंद पॉज टाकला पण पंप चालूच ठेवला, तेव्हा रिलीफ व्हॉल्व्ह नव्हता, तिसऱ्याच दिवशी एल्बो उडाला. आता असं आहे आणि मे महिन्यापासून एकही जॉइंट सुटला नाही:

```yaml
valve_open_delay: 10s
pump_start_pump_delay: 2s
pump_switch_off_during_valve_open_delay: true
```

म्हणजे दहा सेकंद पंप बंद, मग पुढचा व्हॉल्व्ह उघडतो आणि दोन सेकंदांनी पंप. एका पाळीत मोटार पाच वेळा सुरू होते, तेवढं तिला चालतं. पण टायमरवर झोन दोन-दोन मिनिटांचे करून पंधरा वेळा सुरू करू नका, कपॅसिटर तापतो.

फ्लो मीटर नंतर लावला आणि प्रत्येक झोनला वरची-खालची मर्यादा दिली. लॉन-१ नेहमी २० घेतं, तर २४ च्या वर गेलं की सगळं बंद, १५ च्या खाली आलं की मोबाईलवर मेसेज. सुरुवातीचे ४० सेकंद मात्र बघायचेच नाहीत, कारण उताराकडची लाईन रिकामी झालेली असते आणि भरताना फ्लो खोटा वर दिसतो, मला चार दिवस त्यामुळेच पाळी अर्धवट बंद पडत होती. जुलैत लॉन-१ हळूहळू १९, १७, १४ असं उतरत गेलं, फिल्टर उघडला तर जाळीवर शेवाळाचा थर. सप्टेंबरला वाफ्यात कुदळ लागली, फ्लो एकदम वर गेला आणि पंप बंद, वाफ्यात फक्त एक डबकं झालं.

एक खटकतं. लाईट गेली की पाळी तिथेच तुटते, आल्यावर पुढून चालू होत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४४ ला असताना शेवटच्या कुंड्या दोनदा कोरड्या राहिल्या, म्हणून आता कुंड्यांचा झोन पहिला घेतलाय आणि लॉन शेवटी.