सात महिने वापरलेले ट्रेडिंग अ‍ॅप: ब्रोकरेज शून्य, पण बिड-आस्कमधील फरक हिशेबात कुठेच नाही

नवी पेठेतील टॉवेल-चादरींच्या दुकानात सुताच्या भावातील पैसापैसा मोजण्याची सवय लागलेली असल्यामुळे, डिलिव्हरीवर, म्हणजे शेअर घेऊन खात्यात ठेवण्यावर, ब्रोकरेज शून्य असलेले अ‍ॅप मी निवडले आणि पहिले चार महिने त्याबद्दल पूर्ण समाधानी होतो. अ‍ॅप जलद आहे, पैसे वेळेवर खात्यात येतात, तक्रारीला जागा नव्हती. पाचव्या महिन्यात एका चुकीमुळे माझे मत बदलले.

एका लहान कंपनीचे 30 शेअर घ्यायचे होते, पण संख्येच्या रकान्यात 300 पडले. ऑर्डर मार्केट प्रकारची होती, म्हणजे मिळेल त्या भावाने. स्क्रीनवर 84.60 हा भाव मोठ्या अक्षरांत दिसत होता. मला मात्र 120 शेअर 84.90 ला, 100 शेअर 85.40 ला आणि उरलेले 80 शेअर 86 ला मिळाले. एकूण 25,608 रुपये लागले. अ‍ॅपने लगेच हिरव्या अक्षरांत 192 रुपये नफा दाखवला. चूक नफ्यातच सुधारता येईल असे समजून मी सर्व शेअर तसेच मार्केट ऑर्डरने विकले. 150 शेअर 84 ला आणि 150 शेअर 83.60 ला गेले, हाती 25,140 रुपये आले. मिनिटभरात 468 रुपये गेले होते, आणि ब्रोकरेजसह सर्व शुल्के पन्नास रुपयांच्याही आत होती.

अ‍ॅपनेच भावात फेरफार केला, असा माझा ठाम समज झाला. ग्राहक सेवेशी दोन आठवडे पत्रव्यवहार केला, आणि प्रत्येक वेळी ‘व्यवहार बाजारभावाने झाला आहे’ एवढेच उत्तर आले. शेवटी कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे व्यवहाराची पावती, आणि त्या वेळी मोबाईलवर टिपलेले मार्केट डेप्थचे, म्हणजे कोणत्या भावाला किती शेअर घ्यायला-विकायला आहेत त्या यादीचे, चित्र शेजारी ठेवून हिशेब केला, तेव्हा उत्तर अपुरे असले तरी खोटे नव्हते, हे मान्य करावे लागले.

बाजारात एका क्षणी एकच भाव नसतो. घेणाऱ्यांपैकी सर्वांत जास्त देणाऱ्याचा भाव म्हणजे बिड, तो 84 होता. विकणाऱ्यांपैकी सर्वांत कमी मागणाऱ्याचा भाव म्हणजे आस्क, तो 84.90 होता. मधले 90 पैसे म्हणजे स्प्रेड, शेकडा एक रुपयाहून थोडे जास्त. आधी भाव लावून थांबणारा माणूस पुढचे गिऱ्हाईक कधी येईल आणि आलेल्याला कंपनीची आपल्यापेक्षा जास्त माहिती असेल का, ही जोखीम घेतो. त्या जोखमीचा मोबदला घाईने येणारा देतो. मोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये दोन्ही बाजूंना गर्दी असल्याने हा फरक किरकोळ राहतो, पण तुरळक उलाढालीच्या शेअरमध्ये तो रुंदावतो आणि प्रत्येक भावाला शेअरही थोडेच असतात. त्यामुळे माझी ऑर्डर एकेक पायरी वर चढत गेली आणि विकताना उतरत गेली. 468 पैकी 270 रुपये निव्वळ स्प्रेडचे होते, उरलेले 198 या पायऱ्यांचे.

तो 192 रुपयांचा नफा आला कुठून, हे मला अजून सलते. अ‍ॅप नफा-तोटा शेवटच्या व्यवहाराच्या भावावर मोजते, आणि शेवटचा व्यवहार माझाच होता, 86 चा. त्या भावाला घेणारा कोणीही नव्हता. घेणारा 84 वर उभा होता. खर्चाच्या तपशिलात कर, मुद्रांक शुल्क, सारे पैशापर्यंत येते, पण स्प्रेड खरेदी-विक्रीच्या भावातच मुरलेला असल्याने कॉन्ट्रॅक्ट नोटवर त्याची वेगळी ओळ नसते. एक्सचेंजचे नियम अ‍ॅपच्या हातात नाहीत, हे मान्य. पण मार्केट डेप्थ दोन पडद्यांमागे ठेवणे आणि मार्केट ऑर्डर आपोआप निवडलेली ठेवणे, हे अ‍ॅपच्याच हातात आहे. माझी तक्रार आता एवढीच आहे आणि ती मी मागे घेणार नाही.

तेव्हापासून मी आधी डेप्थ उघडतो, पाचही पायऱ्यांवरील संख्या पाहतो आणि लिमिट ऑर्डरच लावतो, म्हणजे मी ठरवलेल्या भावाला किंवा त्याहून चांगल्या भावालाच व्यवहार होतो. सव्वानऊला बाजार उघडल्यावरची पहिली काही मिनिटे टाळतो, कारण त्या वेळी फरक बराच मोठा दिसतो. लिमिट ऑर्डर फुकट मात्र नाही. भाव वर निघाला तर ती तशीच पडून राहते, आणि खाली घसरत असला तर हमखास पूर्ण होते; म्हणजे नको त्या दिवशीच माल पदरात पडण्याची शक्यता जास्त. गेल्या आठवड्यात त्याच शेअरमध्ये बिड आणि आस्क पुन्हा 84 आणि 84.90 असताना मी 100 शेअरसाठी 84.45 लावले. घेणाऱ्यांत माझा भाव सर्वांत वरचा असल्याने विकणारा आला की पहिला हक्क माझा होता. दुपारपर्यंत 60 शेअर मिळाले, साडेतीनला उरलेली 40 ची ऑर्डर रद्द झाली. आस्कच्या तुलनेत 27 रुपये वाचले, आणि ते वाचल्याचे मला वहीतच लिहावे लागले, कारण अ‍ॅपमध्ये त्यासाठी जागा नाही. पाचपैकी तीन तारे.