चोवीस तास चालणारा मिनी पीसी: वीज वाचली, रॅम पुरली, पण एसएसडीनं घाम काढला

परभणीतल्या घरी माझा जुना मिनी पीसी, एकाच मशीनवर अनेक कॉम्प्युटर चालवणारं प्रॉक्समॉक्स टाकून, कित्येक महिने अखंड चालू आहे. वापरलेला, ऑफिसातून निघालेला, i5-8500T प्रोसेसरचा. त्यावर चार गेस्ट, म्हणजे आत चालणारे वेगवेगळे कॉम्प्युटर, आहेत: घरातली उपकरणं सांभाळायला होम असिस्टंट, फोटोंसाठी इमिच, जाहिराती अडवायला पाय-होल, आणि दादाच्या कृषी सेवा केंद्राच्या हिशोबासाठी विंडोज, ज्यावर टॅली चालतं. त्यातल्या एसएसडीवरून सर्व्हिसवाल्यांशी माझं जे भांडण झालं, त्यासाठी हा अनुभव लिहितेय.

आधी विजेचं, कारण मशीन त्यासाठीच निवडलं होतं. १ वॉट चोवीस तास चालला की महिन्याला ०.७२ युनिट होतात. याआधी हेच काम जुना टॉवर पीसी करायचा. प्लगच्या मीटरवर तो रिकामा बसलेला असतानाही ५८ वॉट दाखवायचा, म्हणजे महिन्याला ४२ युनिट. मिनी पीसी चारही गेस्ट चालू ठेवून १४ वॉट घेतो, म्हणजे १० युनिट. वाचलेले ३२ युनिट आमच्याकडे १०० च्या वरच्या टप्प्यातले असतात, आणि तिथला दर खालच्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट आहे. म्हणून प्रोसेसरच्या पुढे लिहिलेले ३५ किंवा ६५ वॉट बघून ठरवू नका. तो आकडा जोरात काम करतानाचा असतो. घरचा सर्व्हर दिवसातला बहुतेक वेळ बसून असतो, तेव्हा मीटर काय सांगतो ते विचारा.

या १४ वॉटमध्येही विंडोजचा वाटा जास्त होता. कुणी लॉगिन नसतानाही तो प्रोसेसरला नीट झोपू देत नव्हता. प्रॉक्समॉक्स प्रत्येक व्हीएमला, म्हणजे विंडोजसारख्या गेस्टला, माउससाठी एक यूएसबी टॅबलेट जोडतो, त्याची सतत विचारपूस चालते. दादा रिमोट डेस्कटॉपवरूनच काम करतो, त्यामुळे तो काढला तरी काही अडलं नाही:

```
qm set 101 --tablet 0
```

व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू केल्यावर मीटर १३ च्या आसपास आला.

रॅमबद्दल पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर १६ जीबी भरपूर आहे असं सांगितलं असतं. आता मी तसं सांगणार नाही. विंडोजला ६, होम असिस्टंटला २, इमिचला ४, पाय-होलला अर्धा आणि यजमान मशीनला स्वतःला दीड-दोन. बेरीज साडेचौदा. कागदावर बसतं. पण लग्नाचे फोटो एकदम चढवले, इमिच चेहरे ओळखायला बसला आणि विंडोज बंद पडलेला सापडला. विंडोजच्या आत बंद पडण्याचं कारण सांगणारी एकही नोंद नाही, कारण त्याला आतून काही झालंच नव्हतं. यजमान मशीनची रॅम संपली आणि कर्नलनं सगळ्यात जास्त रॅम धरलेली प्रक्रिया मारून टाकली. गेस्ट अचानक बंद दिसला की हे आधी बघा:

```
journalctl -k | grep -i "out of memory"
```

प्रोसेसरचे सहा कोअर चार गेस्टना मिळून दहा म्हणून दिले तरी चालतं, वेळ वाटून घेतात. रॅमचं तसं होत नाही. सुदैवानं मी ८-८ च्या दोन ऐवजी १६ ची एकच पट्टी घेतली होती. दुसरा स्लॉट मोकळा होता, तिथं आणखी १६ टाकली.

आता एसएसडी. ५०० जीबीची, स्वस्तातली क्यूएलसी, म्हणजे एका पेशीत चार बिट कोंबणारी, आतमध्ये डीरॅम नसलेली. डब्यावर ३५०० एमबीपीएस. सुरुवातीला खरंच झकास. मग दादाचा रोज रात्री नऊनंतर फोन यायला लागला, "अगं, टॅली परत अडकलं. कामून?" केंद्र बंद करून तो दिवसभराच्या पावत्या भरतो, आणि माझा बॅकअप नऊलाच सुरू व्हायचा. प्रॉक्समॉक्सच्या पानावर त्या वेळी आयओ डिले, म्हणजे प्रोसेसर डिस्कची वाट बघत बसल्याचा वेळ, ४० टक्क्यांच्या वर. चालू व्हीएमचा बॅकअप घेताना, अजून कॉपी न झालेल्या जागेवर व्हीएमनं काही लिहायचं म्हटलं, की आधी ती जुनी जागा बॅकअपमध्ये जाते आणि मग लिहू दिलं जातं. म्हणजे बॅकअपची जागा मंद असली की व्हीएम थांबून राहतो. माझा बॅकअप त्याच एसएसडीवर होता. क्यूएलसीमधला, लिहिणं आधी झेलणारा वेगवान भाग भरला की तिचा वेग जुन्या हार्ड डिस्कच्या खाली जातो, आणि डब्यावर हे कुठंच लिहीत नाहीत.

बॅकअप बाहेरच्या यूएसबी डिस्कवर हलवला. रात्रीचं अडकणं कमी झालं, पण दिवसाही मधूनच सगळं जड व्हायचं. म्हणजे दोष एकट्या बॅकअपचा नव्हता. तेव्हा हे बघितलं:

```
smartctl -a /dev/nvme0
Percentage Used:     14%
Data Units Written:  23,437,500 [12.0 TB]
```

म्हणजे १२ टीबी लिहून झालं होतं, आणि घरात रोज नवीन डेटा फार तर एक-दोन जीबी येत असेल. बाकीचं म्हणजे आधीचे बॅकअप आणि बारीक-बारीक लिहिणं. होम असिस्टंट दर ५ सेकंदाला डेटाबेस लिहितो, इमिचचा डेटाबेस वेगळा, विंडोज वेगळा. यातला प्रत्येक जण लिहून झालं की डिस्कला विचारतो, "खरंच पक्कं झालं का?" साध्या एसएसडीला त्याचं उत्तर द्यायला प्रत्येक वेळी चिपवर लिहून यावं लागतं. `pveperf /var/lib/vz` मध्ये `FSYNCS/SECOND` ही ओळ हेच मोजते. माझ्याकडे ती २०० च्या आसपास अडकली होती.

सर्व्हिस सेंटरवाल्याचं म्हणणं एकच, "मॅडम, हेल्थ ८६ टक्के आहे, ड्राइव्ह ओके आहे, वॉरंटीत बसत नाही." मी त्यांना आयओ डिलेचे स्क्रीनशॉट दाखवले, त्यांनी त्यांच्या सॉफ्टवेअरमधली हिरवी खूण दाखवली. ड्राइव्ह मेली तरच बदलून देणार, मंद झाली तर तुमचं तुम्ही बघा! ग्राहकानं पूर्ण पैसे मोजलेले असतात, मग वेग भरल्या डिस्कवर किती राहतो हे डब्यावर छापायला काय हरकत आहे?

शेवटी डेटासेंटरमधून निघालेली ४८० जीबीची साटा एसएसडी घेतली, वीज गेली तरी डेटा धरून ठेवणारे कपॅसिटर असलेली. कागदावर तिचा वेग ५०० एमबीपीएसच्या आसपास, म्हणजे आधीच्यापेक्षा सातपट कमी. पण कपॅसिटरच्या भरवशावर ती "पक्कं झालं" असं लगेच सांगू शकते, त्यामुळे `FSYNCS/SECOND` ची तीच ओळ ४००० च्या पुढे गेली. होम असिस्टंटचा `commit_interval` ३० केला, म्हणजे तो ५ ऐवजी दर ३० सेकंदाला डेटाबेस लिहितो. दादाचे फोन थांबले. मीटर दीड वॉटनं वाढला, म्हणजे महिन्याला एक युनिट. युनिट-युनिट मोजणाऱ्या मला हा एक युनिट मान्य आहे.

एक लक्षात ठेवा, हे कपॅसिटर फक्त ड्राइव्हच्या आतलं वाचवतात, मशीन चालू ठेवत नाहीत. आमच्याकडे लाइट दिवसातून कितीदा जाते हे वेगळं सांगायला नको. इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर हवं, नाहीतर लाइट जाताना मशीन रिस्टार्ट होऊ शकतं. आणि बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग करून घ्या.

अशी वापरलेली ड्राइव्ह घेताना विकणाऱ्याकडून पैसे देण्याआधी `smartctl -a` चा फोटो मागा. `Power_On_Hours` ४०,००० असले तरी मी घाबरत नाही, या ड्राइव्ह चोवीस तास चालण्यासाठीच असतात. झीज दाखवणारी ओळ आणि `Reallocated_Sector_Ct` बघा. दुसरी ओळ वाढलेली असेल, किंवा विकणारा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर घेऊ नका.